35 गुण जुळले, तरी पत्रिका उघडायच्या का?

"महाराज, माझ्या मुलीला स्थळ आलं आहे. मुलगी रोहिणी नक्षत्र, मुलगा मृग नक्षत्र, दोघांचीही रास वृषभ. गावच्या गुरुजींनी पंचांग पाहून 36 पैकी 35 गुण सांगितले आणि डोळे झाकून करा म्हणाले. मामांनी दोन्ही पत्रिका दुसऱ्या गुरुजींना दाखवल्या, तर ते म्हणाले मुलाच्या सप्तमात चार ग्रह आहेत, मंगळही आहे, थांबा. आम्ही कोणाचं ऐकावं? आणि 35 गुण जुळूनही अडत असेल, तर गुण पाहायचेच कशाला?"

भाऊ, तुमच्या गावच्या गुरुजींचा हिशोब बरोबर आहे. मी स्वतः तो पुन्हा मांडून पाहिला. दुसऱ्या गुरुजींनी जे पाहिलं तेही पत्रिकेत आहे. दोघं दोन वेगळ्या गोष्टी पाहत आहेत, म्हणून उत्तरं वेगळी आली. त्यामुळे आधी हे 35 गुण कुठून येतात ते सांगतो, मग दोन्ही पत्रिका शेजारी शेजारी ठेवून बोलतो.

आपल्याकडे शेतकऱ्याला रोहिणी आणि मृग ही नावं पेरणीमुळे पाठ असतात. मे महिन्याच्या शेवटी रोहिणी लागते, 7-8 जूनला मृग लागतो. ती सूर्याची नक्षत्रं. सूर्य एका नक्षत्रात तेरा-चौदा दिवस राहतो. मुलामुलीचं जन्मनक्षत्र मात्र चंद्राचं असतं, आणि चंद्र एक नक्षत्र साधारण एका दिवसात ओलांडतो. गुणमेलनात फक्त हा चंद्र पाहतात. तो कोणत्या नक्षत्रात आणि कोणत्या राशीत होता, एवढंच विचारतात. लग्न कोणतं, म्हणजे जन्मवेळी पूर्वेला कोणती रास उगवत होती, मंगळ कुठे, शुक्र कसा, जोडीदाराच्या सप्तम स्थानात काय, यातलं काहीही त्या 36 गुणांत येत नाही.

पंचांगाच्या मागच्या पानांतलं गुणमेलनाचं कोष्टक पाहा. त्यात वराच्या नक्षत्रांची एक बाजू असते आणि वधूच्या नक्षत्रांची दुसरी. काही नक्षत्रं दोन राशींत विभागलेली असल्यामुळे प्रत्येक बाजूला 36 घरं होतात. म्हणजे सगळ्या जगातल्या जोडप्यांना मिळून 1296 चौकटी. मृगाच्या पहिल्या दोन चरणांवर जन्मलेला कोणताही मुलगा आणि रोहिणीवर जन्मलेली कोणतीही मुलगी घ्या, चौकट तीच आणि गुणही तेच. तुमच्या भावी जावयाचे जे 35 गुण आहेत, तेच त्या दिवशी त्या बारा तासांत जन्मलेल्या प्रत्येक मुलाचे तुमच्या मुलीशी जुळतील. त्यातला कोण कष्टाळू, कोण आजारी, कोणाच्या घरी काय, हे त्या चौकटीला कळायला मार्ग नाही.

आता तुमची चौकट. वर्णाचा 1, वश्याचे 2, ग्रहमैत्रीचे 5 आणि राशिकूटाचे 7, असे 15 गुण दोघांची रास एक असल्यामुळेच मिळाले. एकच रास म्हणजे वर्ण एक, वश्य एक, राशीचा स्वामी एक. त्यात दोघांच्या स्वभावाची वेगळी परीक्षा झालेली नाही. तारेचे 3 आले, कारण रोहिणीपासून मृग दुसरं आणि मृगापासून रोहिणी सत्ताविसावं, दोन्हीकडून तारा शुभ. योनी दोघांची सर्प, त्याचे 4. नाडी मुलाची मध्य, मुलीची अंत्य, म्हणून पूर्ण 8. राहिला गण. मुलगा देवगणी, मुलगी मनुष्यगणी. याला काही कोष्टकांत 5 देतात, काहींत 6. म्हणून कोणी 35 सांगेल, मोबाईलवर कदाचित 36 दिसतील. एखाद-दीड गुणाच्या अशा फरकावरून कोणाला खोटं ठरवू नका. वश्य, योनी आणि गण यांची कोष्टकं ग्रंथागणिक थोडी वेगळी आहेतच.

या पद्धतीचा आपल्याकडचा मोठा आधार म्हणजे मुहूर्तचिंतामणी. रामदैवज्ञांनी तो शके 1522 मध्ये, म्हणजे इसवी सन 1600 मध्ये काशीत लिहिला. नावातच मुहूर्त आहे. विवाहप्रकरणात आठ कूटं येतात ती विवाह ठरवताना करायच्या अनेक विचारांपैकी एक म्हणून. पुढे ते कोष्टक पंचांगात छापलं गेलं, त्यातला आकडा घरोघर पोचला आणि बाकीचा विचार मागे पडला. माझ्याकडे येणाऱ्या दहापैकी आठ जणांचा पहिला प्रश्न एकच असतो, "महाराज, गुन किती जुयले?" दुसरा प्रश्न कोणी विचारत नाही.

तरीही गुणमेलन टाकाऊ नाही, आणि त्याचं कारण आपल्या खेड्यांतच आहे. चंद्र एका नक्षत्रात दिवसभर असतो. त्यामुळे जन्मवेळ तास-दोन तास चुकली तरी बहुतेक वेळा नक्षत्र बदलत नाही. माझ्या लहानपणी बाळंतपणं घरीच होत. सुईण असायची, घड्याळ नसायचं. "न्याहारीच्या वेळी झाला", "कापूस वेचून बाया घरी आल्या तेव्हा झाली" अशा वेळा. अशा माणसाची लग्नकुंडली खात्रीनं मांडता येत नाही, पण नक्षत्र बहुधा सांगता येतं. ज्यांची तारीखही माहीत नाही त्यांचं नावाच्या अक्षरावरून पाहतात. रोहिणीला ओ, वा, वी, वू, मृगाला वे, वो, का, की. हे नावावरून पाहणं मात्र तेव्हाच ग्राह्य, जेव्हा बारशाला खरोखर नक्षत्र पाहून नाव ठेवलं असेल. आजोबांचं किंवा देवाचं म्हणून ठेवलेल्या नावावरून काढलेले गुण मी मानत नाही.

थोडक्यात, गुणमेलन कमी माहितीवर चालतं. हीच त्याची सोय, आणि त्याला दिसतंही तेवढंच कमी. पत्रिका-मेलनाला खूप काही दिसतं, पण त्याला जन्मवेळ नेमकी लागते. तुमच्या प्रकरणात सगळा घोळ इथेच झाला आहे.

मुलीची पत्रिका आधी घेऊ. जन्म जानेवारी 2000, पहाटे 3:40, दवाखान्याच्या कागदावर नोंद आहे. वृश्चिक लग्न येतं आणि ते त्या वेळी राशीच्या मध्यावर आहे. वीस मिनिटं इकडे-तिकडे झाली तरी लग्न बदलत नाही, म्हणून ही पत्रिका विश्वासानं वाचता येते. सप्तमात वृषभ रास आणि तिथे चंद्र, आपल्या उच्च राशीत. सप्तमाचा स्वामी शुक्र लग्नात बसून सप्तमाकडेच पाहतो आहे. संसारात मन घालणारी, जोडीदाराला धरून राहणारी मुलगी. कुंभेचा मंगळ चतुर्थात आहे, म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्या 1, 4, 7, 8, 12 या गणनेनं मंगळ आहे, आणि त्याची चौथी दृष्टी सप्तमावर पडते. बोलणं थोडं तिखट असेल, घर आपल्या मनाप्रमाणे हवं असेल. पतीचा कारक गुरू मात्र सहाव्या स्थानात, नीच राशीतल्या शनीबरोबर आहे. सहावं स्थान कर्जाचं, कष्टाचं, दुखण्याचं. त्यावरून मी असं वाचतो की नवरा चांगला मिळेल, पण त्याच्या डोक्यावरच्या ओझ्यात हिला वाटेकरी व्हावं लागेल.

आता मुलगा. मार्च 1997 चा मध्य, वेळ कागदावर संध्याकाळी 6:30. या वेळेनं कन्या लग्न येतं. लग्नात वक्री मंगळ आणि राहू, समोर सप्तमात मीनेत रवी, बुध, शनी आणि केतू. सप्तमाचा स्वामी गुरू मकरेत, नीच राशीत. दुसरे गुरुजी थांबा म्हणाले ते यावरून, आणि पहिल्या नजरेला कोणीही तेच म्हणेल.

पण मला त्या 6:30 चीच शंका आली. घरी झालेल्या जन्माची वेळ साडेसहा, साडेसात, आठ अशी गोल लिहिलेली असली की ती कोणी घड्याळात पाहून लिहिलेली नसते, नंतर आठवून लिहिलेली असते. मार्चच्या मध्यात आपल्या भागात सूर्यास्त साडेसहाच्या जरा आधी होतो. रवी तेव्हा मीनेच्या अगदी सुरुवातीला होता. सूर्य मावळतो त्या वेळी पूर्वेला बरोबर समोरची रास उगवत असते, म्हणजे मीनेच्या सुरुवातीसमोर कन्येची सुरुवात. याचा अर्थ त्या संध्याकाळी कन्या लग्न सूर्यास्ताच्या साधारण आठ-दहा मिनिटं आधीच लागलं होतं. त्याच्या आधी सिंह लग्न. दहा-पंधरा मिनिटांची चूक, आणि पत्रिकेची बाराच्या बारा स्थानं बदलतात.

म्हणून मी मामांकडून मुलाच्या आजीला फोन लावायला सांगितला. वेळ किती वाजता ते विचारू नका, त्या वेळी काय चाललं होतं ते विचारा, असं सांगितलं. आजी म्हणाली, "गव्हाची सोंगणी चालू होती. ढोरं घरी आलते, पन दिवा लागला नव्हता." आपल्या गावात ढोरं सूर्य मावळताना घरी येतात आणि दिवा मावळल्यावर लागतो. म्हणजे आजीच्या आठवणीप्रमाणे जन्म सूर्यास्ताच्या आगेमागे, नेमका सिंह आणि कन्या या लग्नांच्या सीमेवर. यातून एकच लग्न ठामपणे सांगणं प्रामाणिकपणाचं होणार नाही.

अशा वेळी मी दोन्ही लग्नं मांडतो आणि दोन्हींत जे सारखं आहे तेवढंच खात्रीनं सांगतो. ग्रह कोणत्या राशीत आहेत हे दहा मिनिटांत बदलत नाही, फक्त त्यांची स्थानं बदलतात.

सिंह लग्न धरलं तर सप्तमात कुंभेचा शुक्र येतो आणि ती गर्दी अष्टमात जाते. मंगळ दुसऱ्या स्थानात येतो आणि आपल्या गणनेनं मुलाला मंगळ उरतच नाही. चंद्रापासून पाहिलं तर तो पाचवा, म्हणजे तिथूनही नाही. कन्या लग्न धरलं तर मंगळ लग्नात, आणि मुलीचाही मंगळ असल्यामुळे मंगळाला मंगळ मिळतो. गंमत अशी की ज्या लग्नात मुलाला मंगळ आहे, त्याच लग्नात मंगळाचा मेळ बसतो. "मंगळ आहे, थांबा" हे वाक्य त्यामुळे दोन्हीकडून टिकत नाही. कन्या लग्नात मंगळ जुळतो, आणि सिंह लग्नात मुलीचा एकटीचा मंगळ राहतो. त्याचा विचार मुलीच्या बळकट सप्तमासह करावा लागतो, मी तरी तेवढ्यासाठी स्थळ सोडणार नाही.

आता सप्तमातल्या चार ग्रहांचं. इथे दुसरे गुरुजी घाईत एक गोष्ट सोडून गेले असं मला वाटतं. गुरू शनीच्या राशीत, मकरेत आहे, आणि शनी गुरूच्या राशीत, मीनेत. हा राशी परिवर्तन योग झाला. कन्या लग्न धरलं तर तो पंचम आणि सप्तम या स्थानांच्या स्वामींमधला आहे. दोघं एकमेकांच्या घरी बसून एकमेकांचं घर सांभाळतात. शिवाय नीच गुरूच्या राशीचा स्वामी शनी केंद्रात आहे, त्यामुळे गुरूच्या नीचत्वाचा भंग होतो. गुरूची दृष्टी लग्नावर आहे आणि वृषभेच्या चंद्रावरही. नुसतं "सप्तमात चार पापग्रह" म्हणून कागद बाजूला ठेवण्यासारखी ही पत्रिका नाही. रवी आणि शनी एकत्र, म्हणजे बापलेकांत मतभेद, जबाबदारी लवकर अंगावर, लग्नाला थोडा उशीर, घरातला शेवटचा शब्द कोणाचा यावर ताण. सिंह लग्न घेतलं तरी सप्तमेश शनी रवीजवळच आहे, अष्टमात. बापाशी ताण, घरचं ओझं आणि उशीर, या तीन गोष्टी दोन्ही लग्नांत निघतात. तेवढं मी धरून चालतो.

यानंतर दोन्ही पत्रिका एकमेकींवर ठेवायच्या. मेलन हेच खरं, आणि यालाच वेळ लागतो. मुलाचा गुरू पाचव्या दृष्टीनं वृषभेकडे पाहतो, शनी तिसऱ्या दृष्टीनं वृषभेकडेच पाहतो. वृषभेत काय आहे? मुलीचा चंद्र आणि तिचं सप्तम स्थान. म्हणजे तिच्या मनावर आणि संसारावर मुलाचा आधारही पडणार आणि त्याच्या काळजीचा भारही पडणार. तिच्या पत्रिकेत गुरू-शनी सहाव्यात एकत्र आहेत, त्याच्या पत्रिकेत त्यांचंच परिवर्तन आहे. दोन वेगळ्या कागदांत तोच विषय दुसऱ्यांदा आला की मी त्याला वजन देतो. एकट्या कागदातल्या एका योगापेक्षा असं दुहेरी सांगणं जास्त भरवशाचं, असा माझा अनुभव आहे.

मग दशा आणि गोचर पाहायचे. इथे त्या 35 गुणांची एक बाजू उलटी फिरते. दोघांची रास एक म्हणून 15 गुण आयते मिळाले, पण रास एक म्हणजे साडेसातीही एकाच वेळी. शनी जून 2027 मध्ये मेषेत जातो, तिथून वृषभेची साडेसाती सुरू होते आणि 2034 पर्यंत चालते. वेगळ्या राशींचे नवराबायको असतील तर एकाचा काळ जड असताना दुसरा उभा राहतो. इथे दोघंही एकदम त्याच पट्ट्यात. शिवाय 2029 च्या सुमारास मुलीची राहूची महादशा संपून गुरूची लागते, साडेसाती ऐन मध्यावर असताना. मुलाला गुरूची महादशा 2021 च्या सुमारासच लागली आहे, ती 2037 पर्यंत आहे. म्हणजे 2029 पासून दोघांचीही महादशा एक, आणि तो गुरू दोघांच्याही पत्रिकेत कष्टातून फळ देणारा. हा काळ संसार मोडण्याचा आहे असं मी म्हणत नाही. नवं मोठं कर्ज, भावाभावांतली वाटणी, नोकरी सोडून धंदा, असे निर्णय त्या चार-पाच वर्षांत दोघांनी जपून घ्यावेत, एवढं सांगतो.

ही एक गोष्ट गुणमेलनाच्या कोष्टकात कधीच दिसणार नाही, कारण त्या कोष्टकाला काळ माहीतच नाही. 1997 चा मृग आणि 1977 चा मृग त्याला सारखाच.

अशी चूक मी स्वतः केलेली आहे. वीसेक वर्षांपूर्वी एका घरी ऐन लग्नसराईत 32 गुण पाहून मी हो म्हणालो. पत्रिका पिशवीतच राहिल्या. पोरगी दोन वर्षांत माहेरी आली. नंतर पत्रिका उघडल्या तेव्हा मुलाचं सप्तम पाहून मला रात्रभर झोप आली नाही. उघडल्या असत्या तर लग्न थांबलंच असतं असं नाही, पण बापाला चार प्रश्न विचारायला तरी सांगता आले असते. तेव्हापासून गुण कितीही असोत, दोन्ही पत्रिका समोर ठेवल्याशिवाय मी तोंड उघडत नाही.

नाडीबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण तुमच्याकडे पूर्ण 8 आले आहेत आणि त्यामुळे "संततीची काळजी मिटली" असं तुमच्या घरात कोणी म्हणालं असणार. नाडीचा संबंध परंपरेनं संततीशी जोडला आहे. पण नाडीही चंद्राच्या नक्षत्रावरूनच येते. हल्ली लोक नाडी म्हणजे रक्तगट असंही सांगतात, ते खरं नाही. त्या नक्षत्रावर जन्मलेल्या माणसाचा रक्तगट कोणताही असू शकतो. आपल्या विदर्भात तर रक्ताचा याहून मोठा प्रश्न आहे, सिकलसेल. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर या पट्ट्यात हा शब्द कोणाला समजावून सांगावा लागत नाही. मुलगा आणि मुलगी दोघंही वाहक असतील, म्हणजे कागदावर दोघांपुढे एएस लिहिलेलं असेल, तर प्रत्येक गरोदरपणात मूल एसएस, म्हणजे आजारी होण्याची शक्यता 25 टक्के असते. वाहक माणसाला स्वतःला सहसा काही त्रास नसतो, त्यामुळे तपासल्याशिवाय ते कळत नाही. दोघांची नाडी वेगळी, गुण 36, आणि दोघंही वाहक, असं सहज होऊ शकतं. एकनाड असलेल्या दोघांत कोणीच वाहक नाही, असंही होऊ शकतं. नाडीकूट यातलं काहीच सांगत नाही.

म्हणून कुंकू लावण्याआधी दोघांची सिकलसेल तपासणी करून घ्या. प्राथमिक आरोग्य केंद्रात आधी सोल्युबिलिटी चाचणी करतात. त्यात सिकलसेल आढळली तर नक्की वाहक की आजार हे इलेक्ट्रोफोरेसिससारख्या पुढच्या तपासणीत कळतं, तो कागद हातात आल्याशिवाय निष्कर्ष काढू नका. केंद्र सरकारनं 1 जुलै 2023 पासून सिकलसेल निर्मूलनाचं अभियान सुरू केलं आहे, त्यात तपासणी झाल्यावर कार्डही देतात. तुमच्या घरी कोणाकडे ते कार्ड असेल तर मुलाकडचंही मागा. मागायला लाजू नका. मी आता माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक घराला हे सांगतो, आणि बरेच जण आधी नाराज होतात. नंतर बहुतेक जण करून घेतात.

आता तुमच्या मुख्य प्रश्नावर माझं मत. मी हे स्थळ नाकारणार नाही. 35 गुण आहेत म्हणून स्वीकारणारही नाही. पत्रिकांत जो एक विषय दोन्हीकडून निघाला, म्हणजे मुलाच्या घरचं ओझं आणि बापलेकांमधला ताण, त्याची प्रत्यक्ष चौकशी करा. शेती कोणाच्या नावावर आहे, सातबारा बघा. सोसायटीचं किंवा बँकेचं थकीत किती, ते विचारा. मुलगा कमावतो त्याचा हिशोब कोणाकडे असतो, लग्नानंतर ती दोघं कुठे राहणार, बापाचा शब्द मोडायची वेळ आली तर मुलगा काय करतो, हे त्याच्याच तोंडून ऐका. मुलीला त्याच्याशी निवांत बोलू द्या, एका भेटीत नाही, तीन-चार वेळा. घरात दारू आहे का हे गावातल्या दोन वेगळ्या लोकांकडून काढा. ही माहिती कोणत्याही कुंडलीत ठामपणे वाचता येत नाही, आणि जो वाचता येते म्हणतो त्याच्यापासून जरा दूर राहा.

चौकशी चांगली निघाली तर हे लग्न होण्यासारखं आहे. मुलीचं सप्तम बळकट आहे, मुलाच्या सप्तमेशाला परिवर्तनाचा आधार आहे, दोघांचे चंद्र उच्च राशीत आहेत आणि दोघांचं मन एकमेकांना लवकर कळेल. 35 गुणांनी खरं सांगितलं ते एवढंच, शेवटचं. आणि चौकशीत घर कर्जात बुडालेलं, मुलगा बापापुढे मुका असं निघालं, तर 36 गुणसुद्धा तिथे उपयोगाचे नाहीत.

एक काम माझ्यासाठी करा. मुलाच्या आईला विचारा, त्या संध्याकाळी गावातल्या देवळात आरती झाली होती का, आणि बाळाचं रडणं आरतीच्या आधी ऐकू आलं की नंतर. आईला ते आठवत असेल तर सिंह की कन्या हे बरंचसं मिटेल. तो निरोप आला की मी नवांशासह पत्रिका पुन्हा मांडून तुम्हाला कळवतो. तोवर सिकलसेलचे कागद काढायला हरकत नाही.